वीस, वीस आणि पस्तीस

डिचोली तालुक्यातल्या एका काजू कारखान्याचं विजेचं काम मी बघतो. एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, तिथल्या पात्रांवचा, म्हणजे मालकाचा, फोन आला. बोरमा तापत नाही, व्होल्टेज कमी येतंय वाटतं, जरा येऊन बघ. बोरमा म्हणजे गर सुकवायची भट्टी. गर त्यात ६५-७० अंशांवर नीट सुकले की वरची तांबूस साल हाताने सुटते. बिघाड आधी लक्षात आला तो सोलायला बसणाऱ्या बायकांच्या. साल गराला चिकटून राहतेय, सुरी लावावी लागतेय, गराचे तुकडे पडतायत, असं त्या दोन दिवस सांगत होत्या.

पॅनेलवर कुठलाच एमसीबी पडलेला नव्हता. कंट्रोलर ७० मागत होता आणि भट्टी ६० च्या आसपास घुटमळत होती. एरवी ठरलेल्या अंशाला पोचली की हीटरची वीज जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर खटकन सुटतो आणि थोड्या वेळाने परत लागतो. इथे तो लागलेलाच होता, सुटायचं नावच नाही. म्हणजे कंट्रोल ठीक होतं, उष्णताच कमी पडत होती.

हीटर तीन फेजचा, डेल्टात जोडलेला, म्हणजे त्याच्या तीन बाजू त्रिकोणात जोडलेल्या आणि त्रिकोणाच्या प्रत्येक टोकाला एक वायर. डेल्टाच्या प्रत्येक बाजूला यू आकाराच्या तीन नळ्या समांतर, एका बाजूचा एकूण रेझिस्टन्स २०.७५ ओहम. ४१५ व्होल्टला प्रत्येक बाजूतून २० अँपिअर वाहतात, आणि तिन्ही बाजू मिळून सुमारे २५ किलोवॅट होतात. पण करंट मोजायचा क्लॅम्प मीटर आपण बाजूला लावत नाही, पॅनेलमधून निघालेल्या वायरला लावतो. त्या एका वायरवर डेल्टाच्या दोन बाजू येऊन मिळतात. दोन्हींतले २० अँपिअर एकाच वेळी शिखरावर नसतात, त्यांच्यात १२० अंशांचं अंतर असतं. म्हणून वायरमध्ये ४० दिसत नाहीत, √3 पट म्हणजे ३४.६ दिसतात. बाजूतला तो फेज करंट, वायरीतला तो लाइन करंट.

त्या दिवशी लाल वायरवर २० दिसले, पिवळीवर २०, निळीवर जवळपास ३५.

माझ्याबरोबर आयटीआयचा शिकाऊ मुलगा होता. आकडे बघून तो म्हणाला, "सर, दोन लाइनींना फेज करंट दिसतोय आणि एकीलाच लाइन करंट. असं कसं?"

खरं तर उत्तर त्याच्या प्रश्नातच होतं. लाल-पिवळी ही बाजू तुटली असेल तर लाल वायरवर एकच बाजू उरते, पिवळीवरही एकच. मग त्या वायरींत त्या एकेका बाजूचाच करंट जाणार. निळीवर मात्र दोन्ही धड बाजू अजून मिळतात, म्हणून तिचे ३५ तसेच राहतात. √3 चा नियम तिन्ही वायरींना सारखा लागू होतो तो तिन्ही बाजू सारख्या असतील तरच, ही अट पुस्तकात असते पण पाठ करताना गळते.

सप्लाय तपासणं तरी भाग होतं. व्होल्टेज कमी असतं तर तिन्ही करंट सारखेच उतरले असते. एखादा फेजच गेला असता तर त्या वायरवर शून्य आणि उरलेल्या दोन्हींवर ३०-३० आले असते, कारण मग एक बाजू आणि तिला समांतर उरलेल्या दोन बाजूंची जोडी, असा १३.८ ओहमचा एकच भार दोन वायरींमध्ये राहतो. मीटरने तिन्ही जोड्यांत ४१५ च्या आसपासच दाखवले. एमसीबी का पडला नाही तेही उघड होतं. करंट कुठेच वाढला नव्हता, दोन ठिकाणी कमी झाला होता, आणि कमी करंटवर कुठलाही एमसीबी पडत नाही. एक तृतीयांश उष्णता गुपचूप गेली होती.

हीटरची जोडणीपेटी बोरम्याच्या पाठीमागे, भिंतीला लागून. ती उघडायची तर भट्टी थंड करून सरकवायला हवी, आणि आत गर होते. त्याआधी खात्री हवी होती. मेन बंद करून कुलूप घातलं, व्होल्टेज नाही हे तपासलं आणि पॅनेलमधूनच, कॉन्टॅक्टरच्या खालच्या टोकांवर, ओहम मोजले. लाल-निळी २१, पिवळी-निळी २१, लाल-पिवळी ४१.

इथे मुलगा पुन्हा अडला. "धड डेल्टा असता तर २०.७५ आले असते ना?"

नाही, १३.८ आले असते. बाहेरून तीनच टोकं हातात असली की आत डेल्टा आहे की स्टार, म्हणजे एका मध्यबिंदूला जोडलेले तीन पाय, हे मीटरला कळत नाही. म्हणून आत स्टार आहे असं समजून हिशेब करणं सोपं पडतं. स्टारचा कुठलाही पाय काढायचा तर त्या टोकाला भिडणाऱ्या डेल्टाच्या दोन बाजूंचा गुणाकार करायचा आणि तिन्ही बाजूंच्या बेरजेने भागायचं. तिन्ही सारख्या असतील तर पाय बाजूच्या तिसऱ्या हिश्शाचा, म्हणजे ६.९२ ओहम. दोन टोकांत मोजलं की असे दोन पाय एकापुढे एक येतात, म्हणून १३.८.

मग मी त्याला तेच सूत्र तुटलेल्या डेल्टाला लावायला सांगितलं. लाल-पिवळी बाजू अनंत धरायची. निळ्या टोकाला ती भिडत नाही, त्यामुळे वर साधा गुणाकार आणि खाली अनंत, म्हणजे निळा पाय शून्य. लाल आणि पिवळ्या पायात अनंत वर-खाली कटतं आणि पूर्ण २०.७५ उरतात. स्टारचा मध्यबिंदू सरकून थेट निळ्या वायरवर जाऊन बसतो. त्याने खडूने पॅनेलच्या दारावर मांडलं: २०.७५ अधिक शून्य, २०.७५ अधिक शून्य, आणि दोन्ही मिळून ४१.५. मीटरचे तिन्ही आकडे जुळले.

एक नळी गेली असती तर हे इतकं स्वच्छ दिसलं नसतं. मग त्या बाजूला २० ऐवजी १३.३ वाहिले असते आणि वायरींवर २९, २९, ३५ आले असते. घाईत असा फरक नजरेतून सुटतो, आणि भट्टीही फक्त नववा हिस्सा कमी तापते.

इथे मात्र अख्खी बाजू गेली होती, म्हणजे तिन्ही नळ्या एकदम जळण्यापेक्षा जोड सुटल्याची शक्यता जास्त. संध्याकाळी गर काढल्यावर पेटी उघडली. लाल टोकावरून त्या बाजूच्या नळ्यांकडे जाणाऱ्या वायरीच्या टोकाचा धातूचा लग काळा पडून तुटला होता. नट ढिला राहिला की जोड तापतो, तापला की आणखी ढिला होतो. नळ्या तिन्ही शाबूत होत्या. उष्णता सोसणारी वायर, नवा लग, स्प्रिंग वॉशर घातले, मेगरने अर्थशी इन्सुलेशन बघितलं. चालू केल्यावर तिन्ही वायरींवर ३४-३५. तासाभराने बंद करून नट पुन्हा आवळले, कारण पहिल्या गरमीनंतर ते हमखास सैल होतात.

पात्रांव आमचं बोलणं ऐकत होता. "स्टार स्टार म्हणताय, तर स्टारलाच जोडा की. बिल तरी कमी येईल."

मी म्हटलं, हिशेबातल्या स्टारच्या पायात ६.९२ ओहम आहेत, तुमच्या नळ्यांचे २०.७५ आहेत. ह्याच नळ्या स्टारला टाकल्या तर वायरीत साडेअकरा अँपिअर जातील आणि २५ किलोवॅटचे सव्वाआठ होतील.

"मग बोरमा किती तापेल?"

"आज सकाळी तापत होता त्याहून कमी."

"राहू दे तर," तो म्हणाला, आणि गराचे ट्रे आत सरकवायला माणसांना हाक मारली.