सुरमईची तुकडी आणि ५८ टक्के

«ताई, प्राइम कॉस्ट म्हणजे नेमकं काय? आणि ती हाताबाहेर गेली की आधी माणूस कमी करायचा की भाव वाढवायचे?»

महिन्याभरात गिऱ्हाइकाला जे वाढलं त्याचा माल, आणि ते रांधायला-वाढायला लागलेली माणसं, या दोन खर्चांची बेरीज म्हणजे प्राइम कॉस्ट. तिला निव्वळ विक्रीने भागलं की टक्का येतो. निव्वळ म्हणजे जीएसटी वगळून आणि आपण दिलेली सूट वजा करून. जीएसटी सरकारचा असतो, तो विक्रीत धरला की टक्का खोटाच कमी दिसतो. मात्र ५ टक्के जीएसटीवाल्या हॉटेलला मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून तो कर मालाच्या खर्चातच धरायचा.

दादरला आमची माशांची छोटी खानावळ आहे, नऊ माणसांची. परदेशी पुस्तकांत ६० ते ६५ टक्के सांगतात, पण दादरचं भाडं आणि ॲपवाल्यांचं कमिशन प्राइम कॉस्टच्या बाहेर असतं आणि तेही याच पैशांतून भागवावं लागतं. म्हणून आम्ही ५८ ची रेघ ओढली. एरवी आम्ही ५६ वर असतो: माल ३६, माणसं २०.

एका जुलैत आकडा ६४ वर गेला. तोच महिना सांगते, कारण त्यात दोन्ही बाजू बिघडल्या होत्या आणि कारणं अगदी वेगळी होती.

निव्वळ विक्री झाली ९ लाख. सुरुवातीचा साठा ९० हजार, खरेदी ३ लाख ८२ हजार, शेवटी उरला ७२ हजार, म्हणजे खप ४ लाख. त्यातलं २२ हजारांचं अन्न आमच्याच माणसांनी जेवलं. ते मालातून काढून माणसांच्या खर्चात टाकायचं, दोन्हीकडे धरायचं नाही. उरले ३ लाख ७८ हजार, म्हणजे ४२ टक्के. माणसांचे १ लाख ९८ हजार: पगार १ लाख ५६ हजार, जेवण २२, कामाच्या मुलांच्या खोलीचं भाडं १४ आणि बदली माणसांचे ६ हजार. गल्ल्यावर बसणाऱ्या माझ्या नवऱ्याचा पगारही त्यात आहे. पुष्कळ घरगुती खानावळी तो धरत नाहीत, आणि मग घरच्या माणसाने कंटाळून काम सोडलं की एकदम कळतं की धंदा फुकटच्या राबण्यावर चालला होता.

हे पाहून नवरा म्हणाला, एक पोरगा कमी करूया. १४ हजार वाचले असते, म्हणजे जेमतेम दीड टक्का. पण नीट पाहिलं तर माणसांवरचा खर्च एक रुपयाही वाढला नव्हता. पावसामुळे आणि शेवटच्या आठवड्यात श्रावण लागल्यामुळे विक्री ९ लाख ९० हजारांवरून ९ लाखांवर आली होती. तेच १ लाख ९८ हजार आधी २० टक्के होते, आता २२ झाले. टक्का चढला, तर वरचा खर्चाचा आकडा वाढला की खालचा विक्रीचा घटला, हे पहिलं बघायचं. खालचा घटला असेल आणि माणूस काढला, तर श्रावण संपल्यावर मासे साफ करणारा हात शोधत फिरायची पाळी येते.

खरा घोळ मालात होता. ३६ टक्क्यांनी ३ लाख २४ हजार लागायला हवे होते, लागले ५४ हजार जास्त. हे कुठे गेले? बिलाच्या मशीनमधून प्रत्येक थाळी किती विकली ते काढलं आणि त्या महिन्याच्या खरेदीभावाने प्रत्येक थाळीला किती माल लागायला हवा होता ते गुणलं. उत्तर आलं ३ लाख ५१ हजार. म्हणजे निम्मे, २७ हजार, भाववाढीचे होते, ते कितीही काळजी घेतली तरी गेलेच असते. उरलेले २७ हजार आमच्या स्वयंपाकघरात गळले होते. हे दोन ढीग वेगळे करणं हाच माझ्या मते सगळ्या हिशोबाचा जीव आहे, कारण दोघांवरचा इलाज वेगळा आहे.

गळती सुरमईत सापडली. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते, म्हणून तिकडचा बर्फातला मासा येतो, पण महाग. आमची सुरमई ७०० वरून ९०० रुपये किलोवर गेली होती. डोकं, शेपूट, पोटातलं काढून आम्हाला किलोमागे ६५० ग्रॅमच्या आसपास तुकड्या मिळतात, म्हणजे तुकडीचा खरा भाव किलोला १,३८५ रुपये. ठरलेली तुकडी ९० ग्रॅमची, १२५ रुपयांची. नवा मुलगा कोयता जरा जाड चालवत होता. काट्यावर दहा तुकड्या ठेवल्या तर सरासरी ११० ग्रॅम भरली, म्हणजे १५२ रुपये. महिन्याला सुमारे ६०० सुरमई थाळ्या जातात. प्रत्येकीमागे २७ रुपये धरले तर १६ हजार तिथेच गेले. बाकीचं फेकलेल्या कोळंबीत आणि उरलेल्या भातात. तेव्हापासून रोज सकाळी कापून झालं की दहा तुकड्या काट्यावर ठेवतो, आणि फेकलेला माल वजनासकट वहीत लिहितो.

भाववाढीवर आधी मला वाटलं की बांगडा थाळी पुढे करूया. तिचा मालखर्च ३३ टक्के, सुरमईचा ४४. पण रुपयांत पाहिलं तर २४० च्या बांगडा थाळीत १६० उरतात आणि ३६० च्या सुरमई थाळीत २००. गिऱ्हाईक सुरमईवरून बांगड्यावर वळलं असतं तर टक्का देखणा दिसला असता आणि थाळीमागे ४० रुपये गेले असते. म्हणून बांगडा जिथे होता तिथेच ठेवला आणि सुरमईचा छापील भाव काढून फळ्यावर «आजचा भाव» लिहायला सुरुवात केली, ३९०. माशाचा भाव चढ-उतार असतो हे मुंबईकराला समजवावं लागत नाही.

माणसांच्या बाजूला एकच बदल केला. सुट्ट्या ज्याला जमेल त्या वारी दिल्या जात होत्या आणि रविवारी बदली माणूस बोलवावा लागे. त्या सोमवारी आणि गुरुवारी वाटून दिल्या, कारण त्या वारी आमच्याकडे मासे खाणारे कमीच येतात. बदलीचे ६ हजार सुटले. सोललेली कोळंबी घ्यायचाही विचार केला होता. तिने माल महागतो आणि काम वाचतं, पण वाचलेल्या तासाचा पगार खरोखर कमी होणार नसेल तर प्राइम कॉस्ट नुसती वाढते. आमचा सोलणारा माणूस महिन्याच्या पगारावर आहे, म्हणून नाही घेतली.

ऑगस्टमध्ये थाळ्या साधारण तेवढ्याच गेल्या आणि आकडा ५९ वर आला. आता साठा महिन्याऐवजी दर रविवारी रात्री मोजतो, म्हणजे तुकडी जाड झाली तर आठवड्यातच कळतं. नारळी पौर्णिमेनंतर सुरमई उतरली तेव्हा फळ्यावरचा भावही पुन्हा ३६० केला.