वाटेत गेलेल्या माणसाची नोंद

"माणूस आमच्या गावचा, जाळला आमच्या गावात, मग मरणाचा दाखला भलत्याच पालिकेतून का आणायचा? तुम्ही लोकं मुद्दाम फिरवता ना?"

नाही हो, मुद्दाम नाही. कधीकधी फिरवतात, तेही मान्य करतो, पण ते वेगळं. जन्ममृत्यूच्या टेबलावर बसून बसून माझी तोंडपाठ झालेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे नोंद माणसाच्या गावाची नसते, घटनेच्या जागेची असते. १९६९ च्या कायद्यापासून हे असंच आहे. रावेरकडचा माणूस जळगावच्या दवाखान्यात गेला तर नोंद जळगावला, मग अग्नी कुठंही द्या. आणि दवाखान्यात गेला असेल तर कळवायचं काम दवाखान्याचं, तुमचं नाही. घरी गेला तर घरातल्या कर्त्याचं. मुदत २१ दिवस, तोवर एक रुपया लागत नाही.

लोक म्हणतात जागेनं काय फरक पडतो, माणूस तर गेलाच ना. नवीन लागलो तेव्हा मीपण हेच म्हणायचो, साहेबांशी वादपण घातला होता. मग एकाच म्हाताऱ्याच्या दोन नोंदी असलेली फाईल पाहिली, गावात एक आणि शहरात एक, तारखा वेगवेगळ्या, आणि दोन भावांच्या हातात दोन दाखले घेऊन वाटणीचं भांडण. जागा धरली की नोंदवणारा एकच राहतो, असं तेव्हा पटलं. आता पूर्ण पटलंय का? ते सांगतो.

सातपुड्याच्या पायथ्याकडच्या गावातला एक पोरगा, केळीच्या कटाईवर जाणारा. रात्री आईच्या छातीत दुखायला लागलं म्हणून भाड्याची जीप करून तापीपलीकडच्या शहरात घेऊन निघाला. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, आधीच गेलीय. कागदावर लिहिलं, 'आणतेवेळी मृत', वेळ रात्री २.४०. पोस्टमार्टेमची वेळ आली नाही, त्याच जीपमधून आई परत आणली, सकाळी गावात अग्नी दिला. दाखल करून घेतलंच नाही म्हणून दवाखान्यानं नोंदीला कळवलं नाही. तेव्हा कुणाच्या डोक्यातपण आलं नाही.

जमीन आईच्या नावावर. सातबाऱ्यावर वारस लावायला तलाठ्यानं मृत्यूचा दाखला मागितला तेव्हा जाग आली. ग्रामपंचायतीत गेला आणि खरं ते सांगून बसला. ग्रामसेवक म्हणे, मग आमच्या हद्दीत नाही गेल्या. दवाखाना म्हणे, आमच्याकडे दाखलच नव्हत्या. शहराच्या पालिकेत म्हणे, दवाखान्याचा रिपोर्ट नाही, आम्ही कशी घेऊ. मग कुणीतरी सांगितलं की जीप आमच्या गावावरून गेली होती ना, तिथं विचार. असा तो माझ्यासमोर आला, आणि चिडलेलाच आला.

आता इथं एक नियम आहे जो ना लोकांना माहीत ना बऱ्याच टेबलांना. चालत्या गाडीत कुणी गेलं तर गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्यानं, गाडी पहिल्यांदा जिथं थांबेल तिथं कळवायचं. म्हणजे जीव गेल्याची वेळ आणि गाडी थांबायची जागा, दोन्ही जुळवायला लागतात. मी त्याला पाणी दिलं, बसवलं, आणि विचारत गेलो. आमच्या स्टँडसमोर जीप थांबलेली होती का? थांबलेली, पाण्याची बाटली घेतली. तेव्हा आई बोलत होती का? होती, म्हणे घोटभर पी तू पण. मग पुढं? पुढं पुलाच्या अलीकडे हाक मारली तर ओ दिली नाही. तिथून गाडी कुठं थांबली? कुठंच नाही, थेट दवाखान्याच्या दारात.

म्हणजे आमच्याकडे थांबली तेव्हा बाई जिवंत होती, आणि गेल्यावर पहिला थांबा दवाखान्याचं दार. नोंद त्या शहराच्या पालिकेचीच, दाखल केलं होतं की नाही हा प्रश्नच नाही. मी हे सांगितलं तर तो एकदम उठला. "मन्ही माय वाटमाच गई, मी खोटं कसाले बोलू? समदा सांगतंस, घरीच गई म्हण."

खरंय, समदे तेच सांगतात. मलासुद्धा माहितीये की वाटेत गेलेली कितीतरी माणसं रजिस्टरात घरी गेलेली आहेत. घरी गेली म्हटलं की गावात नोंद, कर्त्याची सही, विषय संपला. या पोराला मीपण तसं सुचवू शकलो असतो, पण त्याच्याकडे तो दवाखान्याचा कागद होता, प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घालून ठेवलेला, शाई अर्धी उडालेली, पण २.४० वाचता येत होतं. दवाखान्याच्या रजिस्टरातही ती वेळ असणार. उद्या विम्यावाल्यानं चौकशी केली तर गावचा दाखला एक सांगेल आणि दवाखाना दुसरं. मग खोटी नोंद कुणी केली म्हणून पहिलं पत्र कुणाला येतं? सही ज्याची त्याला. म्हणून आम्ही टेबलावर कडक दिसतो, बाकी माज वगैरे काही नाही. थोडा असेल.

खरी पंचाईत तारखेची होती. ३० दिवसांच्या आत असता तर थोडी लेट फी भरून झालं असतं. ३० दिवसांच्या वर आणि वर्षाच्या आत असता तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागली असती. या टेबलावरून त्या टेबलावर जाता जाता त्याचं वर्ष उलटून गेलं होतं, आणि वर्ष उलटलं की रजिस्टर उघडायचा अधिकार निबंधकाच्या हातातच राहत नाही. पूर्वी कोर्टात जावं लागायचं, १ ऑक्टोबर २०२३ पासून जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी खातरजमा करून आदेश काढतो. मी त्याला लिहून दिलं: आधी त्या शहराच्या पालिकेतून नोंद नसल्याचा दाखला घे, तो नकार नाही, तो तुझ्या कामाचा कागद आहे, फाडू नको. मग दवाखान्याच्या कागदाची प्रत, जीपवाल्याचा जबाब, गावच्या पोलीस पाटलाचा अग्नीचा दाखला, हे लावून तिकडच्या प्रांताकडे अर्ज कर. गाडीच्या थांब्याचा नियम अर्जातच लिही, कारण समोरच्याला तो माहीत असेल असं धरू नको.

आदेश निघाला, नोंद झाली, दाखलापण मिळाला. राहायचा पत्ता गावचा, मृत्यूचं ठिकाण शहर. पण तोवर पेरणीच्या कर्जाची वेळ गेली होती, ती कुणी भरून द्यायची?

त्या ग्रामसेवकाशी माझी ओळख आहे. तो म्हणतो, मी घरी लिहिलं असतं तर पोराचं त्याच दिवशी काम झालं असतं, कुणाचं काय गेलं असतं? मी त्याला दोन दाखल्यांचा किस्सा सांगतो. तो म्हणतो, तुझा किस्सा एक आणि असे पोरं किती. बरं, गाडीवाल्यानं कळवायचं हे एकातरी जीपवाल्याला माहितीये का म्हणून विचारलं त्यानं. मी आमच्या स्टँडवरच्या जीपवाल्यांना विचारून पाहिलं. एकालाही नव्हतं माहीत, एक तर म्हणे, भाऊ, गाडीत मेला सांगितलं तर पोलीस गाडीच जमा करतील ना?