दीड टन म्हणून आलेला फोटो

लातूरात एसीचं काम करतोय त्याला आता बरीच वर्षं झाली, मे महिन्यात तर मोबाईलवर दिवसाला दहा-पंधरा फोटो येतात, दादा हा एसी घेऊ का, आमच्या रूमला चालंल का. बहुतेकांना फोटो बघून मी दोन मिनिटात सांगतो. पण ह्या वर्षीचा एक फोटो डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

फोन आला तो पुण्यात नोकरी करणाऱ्या एका पोराचा. वडलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, महिनाभर पलंगावरच, आणि घर असं की वडलांची खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. गावात त्याला एक जुना एसी मिळत होता, दुकानदार म्हणला दीड टनाचा आहे, एकदम कंडिशनमधी. पोरानं फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा संध्याकाळपर्यंत पैसे द्यायचेत, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक हाय म्हणतोय."

फोटो समोरून काढलेला, आतलं युनिट दुकानात फरशीवर ठेवलेलं, पॅनलवर कंपनीचं नाव स्पष्ट, नावाची कंपनी चांगली (नाव लिहीत नाही, कारण चूक कंपनीची नव्हतीच). उजव्या बाजूला स्टार लेबल होतं पण अर्धं फाटलेलं, पाच तारे तेवढे राहिले होते, खालचे आकडे गेलेले. माणसं तारे बघून खूश होतात, पण ताऱ्यावरनं टन कळत नाही, तारे म्हणजे विजेची बचत, आणि ते पण त्या लेबलच्या वर्षापुरते, कारण नियम मधून मधून कडक होत जातात. आपल्याला पाहिजे असतो त्या लेबलवरचा कूलिंग कपॅसिटीचा आकडा, वॅटमध्ये दिलेला असतो, आणि इथं नेमका तोच फाटलेला.

मी हो लिहिणारच होतो. मग फोटो मोठा करून बघितला आणि नजर फरशीवर गेली. दोन बाय दोनच्या टाईल्स, म्हणजे एक टाईल साठ सेंटिमीटरची. युनिट टाईलला लागूनच सरळ ठेवलेलं, एक अख्खी टाईल आणि पुढच्या टाईलचा तिसरा हिस्सा, एवढीच त्याची लांबी. साठ आणि वीस, ऐंशी सेंटिमीटर झालं. एक टनाची युनिटं साधारण एवढ्याच लांबीची असतात, दीड टनाची बहुतेक नव्वदच्या आसपास किंवा त्याच्या पुढं. आता हे पक्कं नाही, काही कंपन्या एकाच डब्यात एक आणि दीड दोन्ही बसवतात, म्हणून लांबी बघून कुणाला खोटं ठरवायचं नसतं, लांबीनं फक्त शंका येते. शंका आली की प्लेट बघायची.

मी त्याला लिहिलं, समोरचा फोटो काही कामाचा नाही, दुकानदाराला सांग युनिट आडवं करून बाजूचा आणि खालचा फोटो काढ, तिथं चंदेरी किंवा पांढरं स्टिकर असतं, तीच प्लेट. अर्ध्या तासानं फोटो आला, स्टिकर धुळीनं माखलेलं, म्हणलं ओल्या फडक्यानं पूस आणि लाईट बाजूनं मार, समोरून मारला की चमकतं नि काहीच वाचता येत नाही. तिसऱ्या फोटोत वाचता आलं. मॉडेल नंबरमधी सुरुवातीच्या अक्षरांनंतर 12 होतं. बऱ्याच कंपन्यांत 12 म्हणजे 12000 बीटीयू, एक टन, 18 म्हणजे दीड आणि 24 म्हणजे दोन. व्होल्टासचं 123 आणि 183 बघा, पहिले दोन आकडे टनाचे आणि शेवटचा ताऱ्याचा. पण सगळे असं लिहीत नाहीत, डायकिनमध्ये 35 म्हणजे एक टन आणि 50 म्हणजे दीड, ते किलोवॅटवरनं आहे. म्हणून मॉडेल नंबरावर मी थांबत नाही, त्याच प्लेटवर खाली कूलिंग कपॅसिटी असते, ती वाचतो. इथं होतं 3450 वॅट. एक टन म्हणजे साधारण 3517 वॅट, दीड टन म्हणजे 5200 च्या आसपास. म्हणजे संशयच राहिला नाही, एक टनच.

तरी पण एक अडचण असती, आतलं युनिट म्हणजे अर्धाच एसी. गार करणारा कॉम्प्रेसर बाहेरच्या डब्यात असतो, आणि जुन्या मालात कुणाचं आतलं कुणाचं बाहेरचं जोडून विकलेलं मी स्वतः बघितलंय. म्हणून बाहेरच्या युनिटची प्लेट आणि पाईप जोडायच्या व्हॉल्व्हचा फोटो मागवला. प्लेटवर पण तेच 12, आणि व्हॉल्व्ह दोन सूत आणि तीन सूत, सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, एक टनाला बहुतेक तसंच असतं, दीडला जाड पाईप बहुतेक चार सुताची. सगळं एकमेकाला जुळत होतं. एसी वाईट नव्हता, खरं बोलायचं तर माल चांगला होता, फक्त तोंडानं सांगितलेला टन खोटा होता. दुकानदाराला माहीत नव्हतं का मुद्दाम सांगितलं, ते मी ठरवत बसलो नाही.

पोरगं म्हणलं, "दादा मग स्वस्तात एक टन तरी घेऊ का? अण्णांना थोडं तरी बरं वाटंल."

दुपारी तीनला टेप घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो. खोली 12 बाय 14, म्हणजे 168 स्क्वेअर फूट, पश्चिमेला मोठी खिडकी आणि वर तापलेला स्लॅब, पंखा लावला की वरनं झळ खाली येत होती. अण्णा पलंगावर, उशाला पाण्याचा तांब्या, मला म्हणले, "बस की लेकरा, एवढ्या उन्हात कशाला आलास." माझा हिशोब साधा आहे, वर दुसरी खोली असंल तर 120 फुटाला एक टन, वर नुसता स्लॅब असंल तर 100 लाच एक टन. म्हणजे इथं पावणेदोन टनाच्या जवळ गरज. आणि प्लेटवरचा आकडा मोजतात बाहेर 35 डिग्री असताना, आपल्याकडं मे महिन्यात 42-43 असतं, तेव्हा तोच एसी अजून कमी गार करतो. 3450 वॅटचा एसी ह्या खोलीत दिवसभर एकसारखा चालला असता, बिल दीड टनासारखंच आलं असतं आणि दुपारी अण्णा घामातच राहिले असते. मी स्पष्ट नाही म्हणालो.

दोन टनाचा पण सांगितला नाही, घराची वायर जुनी होती आणि ते खर्चात बसणारं नव्हतं. सांगितलं की दीड टन घ्या, स्लॅबवर पांढरा चुना मारा आणि खिडकीला बाहेरून जाड पडदा टाका, आतून टाकला तर काच तापून ऊन आतच येतं. चार दिवसांनी त्यानं दुसऱ्या दुकानातनं तीन फोटो पाठवले, आधी प्लेट, मग व्हॉल्व्ह, मग समोरचा. प्लेटवर 5150 वॅट. मी म्हणलो घे.

बसवून झाल्यावर दुपारी दोनला चालू केला, अर्ध्या तासानं थर्मामीटर लावला, जाळीतनं हवा आत जाताना 28 आणि फ्लॅपमधून बाहेर येताना 16. बारा डिग्रीचा फरक, गॅस बरोबर आहे. अण्णांनी चादर अंगावर ओढून घेतली.