आमची वाटचाल : घराच्या माहितीपुस्तिकेची गोष्ट

बाणेरमधले आमचे फ्लॅट चाकणच्या कारखान्यांत कामाला येणारे परदेशी इंजिनिअर महिन्याच्या बोलीने घेतात. सुरुवातीला आम्ही त्यांच्या हाती नियमांचा एक कागद द्यायचो. आज प्रत्येक वस्तूशेजारी तिची माहिती लावलेली असते, आणि हा बदल गीझरपासून सुरू झाला.

तक्रार ठरलेली असायची : शॉवर चार मिनिटांत गार होतो. प्लंबर तपासून जायचा, गीझर ठणठणीत निघायचा. मग आम्ही हिशेब मांडला. 15 लिटरच्या टाकीतलं 60 अंशांचं पाणी नळाच्या 25 अंशांच्या पाण्यात मिसळून 40 अंशांवर आणलं, तर जेमतेम 35 लिटर होतं. बादलीने आंघोळ करणाऱ्या दोघांना ते पुरतं, पण मोठा शॉवर मिनिटाला नऊ लिटर ओततो. युरोपात बऱ्याच घरांत नळ उघडला की गरम पाणी येतच राहतं, त्यामुळे टाकीतलं गरम पाणी संपू शकतं हे पाहुण्यांच्या ध्यानात येत नाही. आता पुस्तिकेत कारणासकट लिहिलं आहे : बाहेरचं मोठं बटण आंघोळीआधी 20 मिनिटं लावा, दुसऱ्याची आंघोळ आणखी 20 मिनिटांनी. 2,000 वॉटच्या गीझरला तेवढा वेळ लागतोच. जोडपं राहतं तिथे आम्ही 25 लिटरचा गीझर बसवला.

इंडक्शनजवळ फ्रिजवरचं एक लोहचुंबक ठेवतो. भांड्याच्या बुडाला ते चिकटलं तरच शेगडी तापेल. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं ठेवलं की ती नुसती बीप करते आणि बिघडली असं वाटतं.

फिल्टरची एक बारीक नळी सिंकमध्ये सोडलेली असते. ते पाणी गळतीचं नाही आणि पिण्याचंही नाही. आरओने वेगळे काढलेले क्षार त्यातून वाहून जातात. पिण्याचं पाणी फक्त फिल्टरच्या तोटीचं. वीज गेली तरी टाकीत साठलेलं पाणी मिळतं, हेही लिहिलं आहे.

कचऱ्याच्या पानावर आम्ही सगळ्यात जास्त मेहनत घेतली, कारण आमच्या इमारतीत कचरा ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई हाताने वेगळा करतात. फुटलेली काच, ब्लेड कागदात गुंडाळून वेगळं द्यायचं. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा. त्यासाठी डब्याशेजारी लाल पेन बांधून ठेवलं आहे. ओल्या कचऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी लावायची नाही, कारण ती सोडवून कचरा बाहेर काढायचं काम ताईंवर पडतं.

कोरियन पाहुणे उरलेलं अन्न काटेकोर वेगळं ठेवतात, तरी अंड्याची टरफलं आणि हाडं मात्र सुक्यात टाकायचे. त्यांच्याकडे या गोष्टी अन्नकचऱ्यात धरत नाहीत, आपल्याकडे त्या ओल्यातच जातात. म्हणून हिरव्या डब्यावर आता टरफलाचं आणि हाडाचं चित्र आहे.