पाव सांगताना मला विचारलंच नाही

वैदीनं आज बेकरीला परस्पर फोन केला. पाव किती सांगायचे, हे मला विचारलंच नाही. एवढीच गोष्ट, पण रात्रीचा एक वाजून गेला तरी डोक्यातून जात नाही.

गेल्या वर्षी सांगलीच्या गणपती पेठेच्या तोंडाशी वडापावचं टेबल मांडलं तेव्हा सगळे माझ्याकडं बघायचे. मन्या, बटाटा किती? मन्या, बेसन किती? मी रस्त्याकडं एक नजर टाकून आकडा सांगायचो. पाचव्या दिवशी, संस्थानच्या गणपतीच्या विसर्जनाला, 300 वडे केले आणि आठ वाजता सगळे संपले. सोन्यानं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'संपले' लिहिलं, त्याच्यासोबत फोटोसुद्धा काढले.

त्या फोटोकडं बघून वैदी परवा म्हणाली, "हा आकडा खपाचा नाही रे, आपल्या पातेल्याचा आहे."

लागलं ते मला. पण तिची वही खोटं बोलत नाही. गेल्या वर्षी ती दर तासाला पंधरा मिनिटं स्टुलावर बसून माणसं मोजायची. दहा माणसं गेली की एक वाल या वाटीतून त्या वाटीत. आम्ही हसायचो. वडे संपल्यावर आम्ही कढई घासत होतो, तरी ही बया दहापर्यंत वाल टाकत बसलेली.

त्या वाटीतून काय निघालं बघा. चार ते सहा मिरवणूक समोरून जात होती, दिवसातली सगळ्यात जास्त गर्दी तेव्हाच. आणि वडे गेले फक्त 80. रथाबरोबर चालणारा माणूस खायला थांबत नाही, तो घाटावरून परतताना थांबतो. सहा ते आठ माणसं कमी, पण वडे 220, म्हणजे तासाला 110. आठ ते नऊ येणारी माणसं तेवढीच होती, नऊनंतर निम्मी. म्हणजे वडे असते तर आणखी 110 आणि वर 55 गेले असते. खरा खप 465 च्या आसपास होता आणि मी 300 वर टाळ्या घेतल्या.

यंदा पावसानं पहिल्या दिवसापासून पाठ धरलीय. वैदीनं चारही दिवसांचे वाल गेल्या वर्षीशी ताडून बघितले, दहाला नऊ पडतायत. म्हणून 465 चे झाले साधारण 420. एका किलोत वीस वडे, त्या हिशोबानं 21 किलो बटाटा. पण उकडायचा 14 च. कच्चा बटाटा उद्याही चालतो, उकडलेला रात्री आंबतो. पाव आधी 280, आणि सातची मोजणी बघून बाकीचे बेकरीतून मागवायचे. वडा हुकला तर नफा बुडतो, पाव उरला तर त्याचे पैसे जातात. नफा मोठा, म्हणून पाव चार जास्त चालतील, असं तिचं म्हणणं.

हे सगळं ती सोन्याला समजावत होती आणि मी कांदा चिरत होतो. मामीकडून शिकलेला हात माझा. मीठ डोळ्यांनी टाकतो, कधी चुकत नाही. मग माणसांच्या बाबतीत माझ्या डोळ्यांना काय झालं? मला वाटतं, मी नेहमी गर्दी बघायचो, खाणारे नाही. तरी एकदा विचारायला काय जात होतं? मी न राहवून म्हणालो, "500 लागतील, बघा." तिनं शांतपणे वहीत नवा रकाना आखला, वर लिहिलं 'मन्या', खाली 500.

सात वाजता वाल मोजले, उरलेला बटाटा कुकरला लावला, पाव आले. रात्री दहाला हिशोब केला: 408. म्हणजे डझनभर पाव उरले. त्यातले दोन आत्ता चहात बुडवून खातोय, वैदीनं मुद्दाम माझ्या पिशवीत टाकलेत. त्या रकान्यात 500 च्या पुढं तिनं 'जास्त 92' असं लिहून ठेवलंय. मला वाटलं होतं चिडेन, पण हसू आलं. निदान माझा रकाना तरी आहे. सोन्याच्या अंदाजाला कुणी रकानाही दिलेला नाही.

गंमत अनंत चतुर्दशीची आहे. गेल्या वर्षी त्या दिवशी आम्ही परीक्षेच्या नावाखाली टेबल लावलंच नव्हतं, त्यामुळं वही कोरी. पाचव्या दिवसाचा आकडा तिथं चालत नाही, त्या दिवशी मंडळं रात्रभर येतात आणि माणसं थांबून थांबून खातात. वैदी पेन चावत बसली. मग मीच शेजारच्या भेळवाल्या मामांकडं गेलो. त्यांना माणसं नाही, पोती विचारली.

"पाचव्याला एक पोतं चुरमुरं गेलं, चतुर्दशीला दोन," मामा म्हणाले. "पण दुसऱ्यातलं पाव पोतं भिजलं होतं बघ, ते खपात धरू नकोस."

वैदीनं पावणेदोन लिहून घेतलं.