पहारा, कटोरा आणि दुपारचा शहारा

‘जरा गझल तपासून द्या’ म्हणणाऱ्याला बहुतेकदा तपासणी नको असते, दाद हवी असते. त्यामुळे मी आधी चहा मागवतो आणि माणसाचा अंदाज घेतो. आमचे एक स्नेही मात्र खरोखरच तपासून घ्यायला आले होते. आयुष्य बँकेत गेलेलं, त्यामुळे वहीत प्रत्येक ओळीपुढे मात्रांची बेरीज मांडलेली. सगळीकडे २०. अक्षरंही मोजलेली, सगळीकडे १२. ‘वृत्ताचं तुम्ही बघूच नका, टॅली झालंय,’ म्हणाले.

मी गझल नेहमी उजवीकडून वाचायला घेतो. म्हणजे आधी मतल्याच्या, गझलेतल्या पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींची फक्त शेपटं बघायची. त्यांचा मतला असा होता :

कवाडास माझ्या पहारा कुणाचा?
तरी आत येतो इशारा कुणाचा?

दोन्हीकडे जसाच्या तसा येणारा ‘कुणाचा’ हा रदीफ. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’त त्याला अंत्ययमक म्हटलंय. त्याच्या आधीचे ‘पहारा’ आणि ‘इशारा’ हे काफिये, म्हणजे यमक. दोघांत समान काय? शेवटचा ‘रा’, आणि त्याच्या आधीचा ‘आ’ हा स्वर. हा न बदलणारा स्वर म्हणजे अलामत. मतला हा करारनामा असतो. कवीने इथे सही केली की, ‘मी यापुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत ‘आरा’ने संपणारा शब्द आणीन आणि त्यानंतर ‘कुणाचा’ म्हणेन.’ पुढच्या शेरांत वाद झाला की निकालासाठी मतल्याकडेच यावं लागतं.

मतला छान होता. दारावर पहारा असूनही आत इशारा पोचतो, दुसरी ओळ पहिलीला छेद देते. पुढचा शेर :

गिऱ्हाईक गेले, दुकाने रिकामी
सांज झाली तरी पसारा कुणाचा?

पसारा हा काफिया चोख. पण दुसरी ओळ मोठ्याने वाचताना जीभ ठेचकाळली. त्यांना म्हटलं, ‘सदा सर्वदा’च्या चालीवर म्हणून बघा. हे वृत्त भुजंगप्रयात, म्हणजे लगागा (एक लघू, दोन गुरू) चार वेळा. मनाच्या श्लोकांमुळे ते आपल्या पिढीच्या अंगात मुरलेलं आहे. ‘गिऱ्हाईक गेले’ सुरळीत गेलं. (‘ऱ्हा’ जोडाक्षर असलं तरी आधीच्या ‘गि’वर आघात येत नाही, म्हणून तो लघूच. ‘तुझ्या’, ‘पुन्हा’ यांचंही तसंच. ‘सर्व’मध्ये मात्र ‘स’वर जोर येतो, तो गुरू.) ‘सांज झाली तरी’ला चाल अडकली. ते पुन्हा वहीकडे वळले. मात्रा २०, अक्षरं १२, मग चूक कुठेय?

चूक क्रमात होती. सां-ज-झा, ली-त-री हे होतं गालगा गालगा. प्रत्येकी पाच मात्रा, तीन अक्षरं, बेरीज तंतोतंत. पण हवं होतं लगागा लगागा. अक्षरगणवृत्तात लघू कितव्या जागी येतो यावर सगळा डोलारा उभा असतो. भुजंगप्रयातात पहिलं, चौथं, सातवं आणि दहावं अक्षर लघू हवं. त्यांच्या ओळीत दुसरं आणि पाचवं लघू होतं. सातव्यापासून पुढे ‘पसारा कुणाचा’ बिनचूक असल्यामुळे ओळ शेवटी सावरल्यासारखी वाटते, आणि म्हणूनच कवीच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. शिवाय स्वतःची ओळ वाचताना आपण नकळत ओढाताण करून ती चालीत बसवतो. म्हणून मी ओळ दुसऱ्याला वाचायला देतो, तीही गझल न लिहिणाऱ्याला. तो जिथे अडखळेल तिथे खूण.

ते इतक्या सहज ऐकणारे नव्हते. ‘अहो, पण भटांनीसुद्धा सूट घेतलीय ना?’ घेतली आहे. ‘केव्हा तरी पहाटे’ ही त्यांची गझल आनंदकंद वृत्तात आहे, गागाल गालगागा दोनदा. तिथे ‘गागाल’च्या जागी ‘उलटून’ येतं, म्हणजे पहिल्या गुरूऐवजी ‘उ’ आणि ‘ल’ असे दोन लघू. पण ती सूट एका गुरूचे दोन लघू करण्याची आहे. मोडलेली नोट आणि हरवलेली नोट यांत फरक असतो. ‘उलटून’ म्हणताना आपण ‘उल्’ असा एकच ठोका घेतो, त्यामुळे कानाला गुरूच ऐकू येतो. ‘सांज झाली तरी’त कुणाचं काही मोडलेलं नव्हतं, लघूने जागाच बदलली होती. ही सूट तरी किती घ्यावी याबद्दल मतं आहेत. काही जण एकदाही घेत नाहीत, काही सरसकट घेतात. माझं मत विचाराल तर मतल्यात घेऊ नये, कारण वाचकाला वृत्ताची ओळख तिथेच होत असते.

दुरुस्ती मात्र सोपी निघाली : ‘तरी सांजवेळी पसारा कुणाचा?’ त-री-सां, ज-वे-ळी. अर्थही जागचा हलला नाही. मी त्यांना मुद्दाम सांगितलं, ‘तूझा’ लिहून सुटू नका. ‘सदा सर्वदा योग तूझा घडावा’ हे प्रार्थनेत शोभतं. आजच्या गझलेत ऱ्हस्वाचं दीर्घ केलं की लगेच डोळ्यांत खुपतं. गंमत अशी की याच्या उलट, ‘आता’चं ‘अता’ मात्र सगळे बिनदिक्कत लिहितात आणि कुणालाच काही वाटत नाही.

तिसरा शेर वाचला आणि मी थांबलो.

उभे देवळाच्या पुढे सर्व दाते
तिथे हा रिकामा कटोरा कुणाचा?

वहीतला सगळ्यात चांगला शेर. वृत्तात एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि काफिया चुकलेला. ‘पहारा, इशारा, पसारा’च्या रांगेत ‘कटोरा’. ‘रा’ आहे, पण त्याच्या आधी ‘आ’ऐवजी ‘ओ’. अलामत भंगली. कानाला हे पटकन कळत नाही, कारण लगेच ‘कुणाचा’ येतो आणि रदीफाच्या गजरात काफियाची चूक झाकली जाते. म्हणून काफिये तपासताना मी रदीफ कागदाने झाकतो आणि नुसते काफिये एकाखाली एक वाचतो. पहारा, इशारा, पसारा, कटोरा. असं वाचलं की बेसूर कोण ते लगेच समजतं.

यावर एक पळवाट आहे. ‘कटोरा’ मतल्यातच आणायचा. एका ओळीत दिलासा, दुसरीत कटोरा. मग करारच बदलतो. समान उरतो तो फक्त शेवटचा ‘आ’. तसं केलं तर चूक कुणी काढणार नाही. पण मग ‘जिव्हाळा’, ‘सुगावा’ सगळ्यांनाच दार उघडं, आणि ‘आरा’ पुन्हा पुन्हा कानावर येण्यात जी मजा आहे ती गेली. एका शेरासाठी सगळी गझल सैल करायची का? मी नको म्हटलं. ते बराच वेळ पेन्सिल चावत बसले आणि मग त्यांनी कटोरा ओळीच्या सुरुवातीला ढकलला :

उभे देवळाच्या पुढे सर्व दाते
कटोऱ्यात आला निखारा कुणाचा?

मी उठून त्यांचा हात हातात घेतला. काफियाच्या अडवणुकीतून ‘निखारा’ आला. मोकळं सोडलं असतं तर रिकाम्या कटोऱ्यावरच भागलं असतं.

पुढच्या शेरात काफिया, रदीफ, वृत्त सगळं नीट होतं, तरी काहीतरी लोंबकळत होतं.

नदी वाहते शांत गावाकडेची
तिला लाभलेला किनारा कुणाचा?

किनारा कुणाचा म्हणजे? नदीचाच की. इथे ‘कुणाचा’ हा प्रश्न कवीला पडलेलाच नाही. करारात आहे म्हणून तो शेवटी चिकटवलाय. याची परीक्षा सोपी आहे. रदीफ काढून ओळ वाचायची. ‘तिला लाभलेला किनारा’ एवढ्यावर अर्थ पुरा होत असेल तर रदीफ फुकटचा पगार खातोय. (हे वाक्य बँकवाल्याला फार आवडलं.) ‘कुणाचा’सारखा प्रश्नार्थक रदीफ घेतला की प्रत्येक शेरात मालकीचा खरा गोंधळ असायला हवा. बऱ्याच खटपटीनंतर हे जमलं :

पुराने दुतर्फा घरे मोडलेली
कशाला विचारू किनारा कुणाचा?

आता ‘कुणाचा’ काढून बघा, ओळ कोसळते.

राहिला शेवटचा.

फुले मोगऱ्याची तिने माळलेली
समाजास वाटे दरारा कुणाचा?

दोन्ही ओळी आपापल्या जागी ठीक, पण एकमेकींची ओळखदेख नाही. भटांच्या हिशेबात प्रत्येक शेर म्हणजे दोन ओळींची स्वतंत्र कविता, आणि अशा किमान पाच कविता असतील तर गझल. पहिल्या ओळीने काहीतरी मांडायचं, दुसरीने ते फिरवायचं, उलगडायचं किंवा पाडायचं. हे होतंय की नाही ते बघायला मी पहिल्या ओळींची अदलाबदल करून बघतो. ‘गिऱ्हाईक गेले, दुकाने रिकामी, समाजास वाटे दरारा कुणाचा?’ म्हणून दाखवलं. ते हसले. दरारा तिथे मोगऱ्यापेक्षा चांगला बसत होता! ‘पुराने दुतर्फा’च्या खाली ठेवला तरी फारसं बिघडत नव्हतं. कुठेही चालणारी ओळ म्हणजे या शेराची नसलेली ओळ.

‘काढून टाका हा शेर,’ मी म्हटलं.

‘अहो, पण ती खरंच माळायची मोगरा.’

‘माळू दे. दुसऱ्या ओळीला ते ठाऊक आहे का?’

शिवाय काढला तर उरतात चार, म्हणजे पाचवा आणायचाच. त्यांनी दरारा खोडून ‘शहारा’ घेतला आणि लिहिलं, ‘इथे या हवेला शहारा कुणाचा?’ आता मोगरा आणि हवा एकमेकांना भेटले होते. पण ‘इथे या’ ही शुद्ध भरती, सहा मात्रांची जागा भरायला आणलेले पाहुणे... नाही, पाचच, बँकवाल्यांनी तेवढ्यात बोटं मोजून दुरुस्त केलं. आणि शिवाय रदीफ पुन्हा आळसावलेला. शहारा कुणाचा हे पहिल्याच ओळीत सांगून झालंय, तिचा. माहीत असलेलं कशाला विचारायचं?

यावर ते प्रथमच अडून बसले. प्रेमात माणूस माहीत असलेलंच विचारतो म्हणाले. मी म्हटलं, ते खरं, पण मग विचारायला काहीतरी निमित्त द्या. ‘इथे या’ची जागा रिकामीच आहे, तिथे लगागा बसेल असा एक शब्द ठेवा, ज्यामुळे शहारा येणं नवलाचं ठरेल. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला आणि लिहिलं :

फुले मोगऱ्याची तिने माळलेली
दुपारी हवेला शहारा कुणाचा?

दु-पा-री, ह-वे-ला. मी समासात बरोबरची खूण केली, आणि ते मात्रा मोजायला लागले.