आमची वाटचाल: एका शीर्षकाची तीन शीर्षकं झाली

आम्ही लाकडी घाण्यावर शेंगदाणा आणि करडईचं तेल काढतो. वेबसाइट केली तेव्हा मुख्य पानाचं शीर्षक मीच लिहिलं होतं:

```html
<title>लाकडी घाणा तेल: माहिती, तुलना, किंमत</title>
```

सगळं लिहिलं की सगळे येतील, असा हिशोब. फोन आलेही. पण पलीकडून प्रश्न भलताच: "घाणा केवढ्याला? मोटर किती एचपीची?"

गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये त्या पानावर येणारे शोध काढून बघितले. 'लाकडी घाणा किंमत' या शोधात आम्ही भरपूर दिसत होतो. तोच शोध स्वतः टाकून पाहिला, तर सगळीकडे यंत्रंच. माणसाला घाणा विकत घ्यायचा होता आणि आम्ही त्याला तेल दाखवत होतो.

मग एकेक शोध असाच टाकून बघायची सवय लावून घेतली. 'तेलाला फेस का येतो' म्हटलं की समजावून सांगणारे लेख येतात. 'घाण्याचं की रिफाइंड' म्हटलं की तुलना. 'शेंगदाणा तेल ५ लिटर' म्हटलं की डब्यांचे फोटो आणि भाव. वर जे दिसतं, तेच त्या माणसाला हवं असतं, असं धरून पानं तीन केली:

```text
घाण्याचं तेल तळताना फेसाळतं का? कारण आणि उपाय
घाण्याचं की रिफाइंड शेंगदाणा तेल: वास, तळण, खर्च
घाण्याचं शेंगदाणा तेल, १ व ५ लिटर: सध्याचा दर
```

फेसाचं पान सोपं गेलं. न गाळलेला चिकट अंश आणि ओलावा तेलात राहतो, म्हणून फेस. तेल निवळू द्या, आच मध्यम ठेवा. तुलनेचं पान मात्र फसलं. शीर्षकात तुलना आणि आत फक्त आमचं कौतुक. लोक आले तसे परत गेले. शेवटी शेजारी शेजारी तक्ता मांडला. मोठ्या आचेवर सतत तळण काढायचं असेल तर रिफाइंड बरं पडतं, हेही त्यात लिहिलं. लिटरभर तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात, हा हिशोबही तिथेच दिला. त्यानंतर दराबद्दलची घासाघीस कमी झाली.

दराच्या शीर्षकात आधी आकडाच घातला होता. दाणे महागले, मी आकडा बदलला, पण गुगलने पान पुन्हा वाचेपर्यंत जुनाच दिसत राहिला. एका काकूंनी स्क्रीनशॉट दाखवून जुन्या दराने डबा नेला. आता आकडा फक्त पानावर, अगदी वर असतो.

नुसत्या 'घाण्याचं तेल' या शोधाचं काय करायचं, ते अजून जमलेलं नाही. तिथे लेख, दुकानं, व्हिडिओ सगळं मिसळून येतं. यंत्राचे फोनही थांबलेले नाहीत. आमचा घाणा ज्यांनी बसवून दिला, त्यांचा नंबर देऊन टाकतो.